बालवाडीच्या भिंतीवर चित्र: आनंदी, पण न गोंधळवणारे रंग कसे निवडावेत?

प्रश्न: आमची छोटीशी बालवाडी आहे. खोली साधारण १२ बाय १४ फूट, तीन ते पाच वर्षांची मुलं. एका भिंतीवर मोठं चित्र काढायचं आहे. रंग आनंदी हवेत, पण मुलं बिथरतील किंवा सतत विचलित होतील असे नकोत. कुणी म्हणतं निळा-हिरवा शांत असतो, कुणी म्हणतं लहान मुलांना लाल-पिवळाच आवडतो. नेमके कोणते रंग घ्यावेत?

मी भित्तिचित्रं करते, त्यातली बरीच लहान मुलांच्या वर्गांत. माझ्या मते 'निळा की पिवळा' या प्रश्नापासून सुरुवात करू नका. डोळ्यांवर ताण येतो तो रंग किती भडक आहे, किती मोठ्या जागेवर आहे आणि शेजारच्या रंगाशी त्याचा विरोध किती तीव्र आहे यावर. कुठला रंग आहे, हे त्यानंतर येतं. डबीतून काढलेला शुद्ध निळा संपूर्ण भिंतीवर फासला तर तुमची खोली अंधारी आणि जड होईल, 'शांत' होणार नाही. उलट तळहाताएवढं लालभडक फूल फिक्या भिंतीवर असेल तर ते कुणालाही त्रास देत नाही.

रंग निवडण्याआधी एक काम करा. मुलं खोलीत असताना दारात उभं राहून बघा. खेळणी, दप्तरं, चटया, मुलांचे कपडे हे सगळं आधीच भडक रंगांचं असतं. म्हणजे खोलीत उत्साहाची कमतरता मुळीच नाही. भिंतीने त्या गर्दीत भर घालायची नसून तिला एक निवांत पार्श्वभूमी द्यायची आहे. कार्नेगी मेलन विद्यापीठातल्या आना फिशर आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा २०१४ सालचा एक अभ्यास इथे लक्षात घेण्यासारखा आहे. बालवर्गातल्या २४ मुलांना त्यांनी काही धडे खूप सजवलेल्या वर्गात दिले आणि काही सजावट काढून टाकलेल्या वर्गात. सजवलेल्या वर्गात मुलांचं लक्ष जास्त वेळा भरकटलं आणि धड्यावरच्या प्रश्नांची बरोबर उत्तरंही कमी आली. अभ्यास छोटा होता आणि तो एकट्या रंगाबद्दल नव्हता, तक्ते आणि चित्रांच्या गर्दीबद्दल होता. पण यावरून भिंत कोरी ठेवा असा अर्थ मी काढत नाही. ज्या भिंतीकडे तोंड करून मुलं गोष्ट ऐकतात, त्या भिंतीवर चित्र काढू नका, एवढा अर्थ मात्र नक्की काढते. चित्र मुलांच्या पाठीमागच्या किंवा दाराजवळच्या भिंतीवर घ्या. मुलं दुपारी झोपत असतील तर अंथरुणासमोरची भिंतही टाळा.

आता प्रत्यक्ष रंग. समजा १२ फूट लांब आणि ९ फूट उंच भिंत आहे, म्हणजे १०८ चौरस फूट. विषय साधा घेऊ: दोन टेकड्या, एक तळं, एक झाड, थोडे पक्षी आणि फुलं.

आधी मूळ भिंतीचा रंग ठरवा, कारण चित्राचा सगळ्यात मोठा भाग तोच असणार आहे. मी मोतिया पांढरा घेते, किंचित पिवळसर. शेड कार्डावर बऱ्याच कंपन्या परावर्तनाचा आकडा देतात, शून्य म्हणजे काळा आणि शंभर म्हणजे पूर्ण पांढरा. छोट्या खोलीत तो ७० ते ८० च्या आसपास ठेवा. त्यावर गेलात तर फिक्या भिंतीपुढे चित्रातला प्रत्येक आकार कापून चिकटवल्यासारखा दिसतो. वरचा तीनेक फुटांचा पट्टा याच रंगात मोकळा सोडा. तिथे आकाश म्हणून निळा भरण्याची गरज नाही. खाली टेकड्या आल्या की वरचा मोतिया आपोआप आकाश वाटतो.

मग मधले रंग. यांच्यावरच सगळा खेळ आहे. मागची टेकडी फिकट राखाडी-हिरवी, पुढची थोडी गडद शेवाळी, तळं धुरकट मोरपंखी, झाडाचं खोड विटकरीकडे झुकणारं तपकिरी. हे रंग डबीतून जसेच्या तसे घेऊ नका. तयार हिरवा बहुतेक वेळा प्लास्टिकसारखा कडक असतो. त्यात काळा घातला तर तो मळका होतो. त्याऐवजी विरुद्ध बाजूचा रंग थेंब-थेंब मिसळा. हिरव्यात थोडा रेड ऑक्साइड, निळ्यात थोडा तपकिरी-केशरी. रंग लगेच शांत होतो, पण जिवंत राहतो. शिवाय प्रत्येक मिश्रणात मूळ भिंतीचा मोतिया थोडा घाला, म्हणजे सगळे रंग एका घरातले वाटतात. येलो ऑकर आणि रेड ऑक्साइड हे मातीचे रंग इथे फार उपयोगी पडतात. ते मुळातच फार भडक नसतात, चांगले झाकतात आणि उन्हात लवकर उडत नाहीत. शुद्ध लिंबू पिवळा मात्र पातळ दिसतो, त्याचे तीन-चार हात दिले तरी खालची रेष डोकावते. म्हणून त्याच्याखाली आधी पांढऱ्यात थोडा ऑकर घालून एक हात द्यावा.

सगळ्यात शेवटी भडक रंग, आणि तेही फक्त दोन किंवा तीन. मी हळदी पिवळा, अबोली-केशरी आणि एक स्वच्छ आकाशी निवडेन. पक्षी, फुलं, तळ्यातला मासा, झाडावरची दोन-चार फळं एवढ्यापुरतेच. सगळं मिळून पाच-सहा चौरस फुटांपेक्षा जास्त नको. हे तुकडे जमिनीपासून दोन ते चार फुटांच्या पट्ट्यात ठेवा, कारण तीन-चार वर्षांच्या मुलाची नजर तिथे असते. मुलं जवळ जाऊन बोट लावून 'हा पक्षी माझा' म्हणतात, आणि आपल्याला हवा असलेला आनंद हाच आहे. चार फुटांच्या वर भडक रंगाला काही कामच नाही.

इतक्या थोड्या रंगात चित्र उदास दिसेल अशी भीती वाटत असेल, तर एक प्रयोग करा. एकाच पिवळ्याचे दोन ठिपके घ्या, एक पांढऱ्या कागदावर आणि एक राखाडी-हिरव्या कागदावर. हिरव्यावरचा पिवळा उजळ आणि खेळकर दिसेल, पांढऱ्यावरचा फिका पडेल. शेजारच्या रंगामुळे रंग बदललेला दिसतो, हे शेव्ह्रल या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञाने १८३९ मध्येच सविस्तर मांडलं होतं. म्हणजे शेवाळी टेकडी आपल्या पिवळ्या पक्ष्याला फुकट चमक देते. सगळेच रंग भडक केले तर ही चमक कुणालाच मिळत नाही.

याच नियमाची त्रासदायक बाजूही आहे. दोन भडक, परस्परविरोधी रंग सारख्याच उजळपणाचे असतील आणि एकमेकांना चिकटून असतील, उदाहरणार्थ लाल फूल आणि हिरवं पान, तर त्यांच्या कडेवर डोळ्यांना थरथर जाणवते. मोठ्यांनाही ती नकोशी होते. ओळखायचं कसं? मोबाइलवर फोटो काढून तो कृष्णधवल करा. लाल आणि हिरवा एकाच राखाडीत विरघळून गेले तर तीच जागा थरथरणार. उपाय दोन: एकाला बराच फिका किंवा गडद करा, नाहीतर दोघांमध्ये मोतियाची बोटभर पट्टी सोडा. काळी जाड बाह्यरेषा काढू नका. तिच्यामुळे प्रत्येक आकार ओरडायला लागतो. रेष हवीच असेल तर गडद तपकिरी किंवा गडद शेवाळी घ्या.

आता उजेड. शेड कार्डावरचा बोटभर तुकडा भिंतीवर गेला की जास्त तीव्र दिसतो, आणि छोट्या खोलीत तर समोरासमोरच्या भिंती एकमेकींचा रंग परत फेकतात. कार्डावर गोड वाटलेला पिवळा चारही भिंतींवर लावला की मुलांच्या चेहऱ्यावरही पिवळी झाक येते. म्हणून चित्राची एकच भिंत रंगीत ठेवा, बाकी तीन मोतिया. ठरवलेले सगळे रंग दोन फुटांच्या चौकोनी पुठ्ठ्यावर प्रत्यक्ष लावून वाळू द्या, कारण इमल्शन वाळल्यावर बहुधा किंचित गडद होतं. मग तो पुठ्ठा त्याच भिंतीला टेकवून सकाळी, दुपारी आणि दिवे लावून बघा. खोलीत पांढऱ्याफेक उजेडाच्या ट्यूब असतील तर लिंबू पिवळा हिरवट आणि आजारी दिसतो. तिथे केशराकडे झुकणारा पिवळाच घ्यावा. दिवे पिवळसर असतील तर आकाशी मळका दिसेल, तो थोडा स्वच्छ ठेवा. दिवे बदलायचे असतील तर रंगाआधी बदला.

पोत मॅट हवा. चकचकीत रंगावर खिडकीचं प्रतिबिंब पडतं आणि चित्रापेक्षा तीच चमक डोळ्यात भरते. पण पूर्ण मॅट भिंतीवर हाताचे डाग बसतात, म्हणून चार फुटांपर्यंत पाण्यावर आधारित मॅट वार्निशचा पातळ हात द्या. ऑइल पेंट, विशेषतः त्यातले भडक पिवळे, केशरी आणि लाल घेऊ नका. अशा रंगांत शिशाची रंगद्रव्यं वापरली गेली आहेत. पाण्यावरचं, डब्यावर शिसेमुक्त आणि कमी वासाचं असं स्पष्ट लिहिलेलं इमल्शन घ्या. भिंतीवर फार जुना रंग असेल तर तो कोरडा घासू नका, कारण त्यातही शिसं असू शकतं. काम सुट्टीत करा आणि वास पूर्ण गेल्याशिवाय मुलांना आत आणू नका.

चित्र झाल्यावर दोनेक आठवडे फक्त निरीक्षण करा. नव्याची नवलाई म्हणून पहिले काही दिवस मुलं भिंतीकडे धावणारच, त्याला घाबरू नका. त्यानंतरही गोष्ट चालू असताना माना एकाच जागी वळत असतील, तर ती जागा नीट बघा. बहुतेक वेळा तिथे एखादा मोठा भडक तुकडा किंवा थरथरणारी कड सापडते. पूर्ण भिंत पुन्हा रंगवावी लागत नाही. मोतियात भरपूर पारदर्शक अॅक्रिलिक मीडियम मिसळून त्याचा पातळ पडदा मऊ ब्रशने फक्त त्या तुकड्यावर द्या. एक हात वाळू द्या, दारात उभं राहून बघा, गरज वाटली तर दुसरा. वार्निश मात्र हे सगळं संपल्यावरच लावा.