दुष्काळी भागातल्या शेतकऱ्यासाठी विज्ञान प्रदर्शनात काय मांडता येईल?

प्रश्न: मी नववीत आहे, आमचं गाव सांगोला तालुक्यात. डिसेंबरमध्ये तालुक्याचं विज्ञान प्रदर्शन आहे. आमच्याकडे डाळिंब आणि शेततळं आहे. दुष्काळी भागातल्या शेतकऱ्यांची खरी अडचण सोडवणारं, पण फार खर्च नसलेलं मॉडेल सुचवाल का?

उत्तर:

अडचण तुझ्या घरातच आहे: शेततळ्यातलं पाणी उन्हाने उडून जातं. त्यावरच मॉडेल कर. मी शाळेत विज्ञान शिकवतो आणि प्रदर्शनांना परीक्षक म्हणूनही जातो. ओलावा कमी झाला की आपोआप चालू होणारी मोटर दरवर्षी निदान चार टेबलांवर असते. तिच्यात वाईट काही नाही, पण तळ्यातच पाणी उरलं नाही तर मोटर चालू होऊन करणार काय?

आधी हिशोब मांडू. 'मागेल त्याला शेततळे' योजना २०१६ मध्ये आली, तिच्यातलं मोठं तळं ३० बाय ३० मीटरचं आणि ३ मीटर खोल. बाजू उताराच्या असल्यामुळे तळाशी ते २४ बाय २४ भरतं. काठोकाठ भरलं तर पाणी मावतं २१९६ घनमीटर, म्हणजे जवळजवळ २२ लाख लिटर. आता फेब्रुवारी ते मे हे चार महिने धर. आपल्याकडच्या कोरड्या हवेत तळ्याची पातळी या काळात नुसत्या बाष्पीभवनाने दिवसाला सरासरी ७ मिलिमीटर उतरते असं मानू. १२० दिवसांत ८४० मिमी झाले. पातळी उतरते तसा पृष्ठभागही आकसतो, ते धरूनही साधारण ७ लाख लिटर पाणी हवेत जातं. भरलेल्या तळ्याचा हा जवळपास तिसरा हिस्सा आहे.

परीक्षकांना हे लिटरमध्ये सांगू नकोस, डाळिंबाच्या भाषेत सांग. १५ बाय १० फुटांवर लावलेल्या एका एकरात २९० झाडं बसतात. उन्हाळ्यात झाडाला दिवसाला ४० लिटर ठिबकने दिलं तर एकराला ११,६०० लिटर लागतात. म्हणजे उडून गेलेल्या पाण्यात एक एकर बाग दोन महिने जगली असती. घरी बाबांना विचारून झाडं आणि लिटर तुमच्या बागेचे घाल.

आता प्रयोग. एकाच दुकानातून, एकाच रंगाचे, उभ्या बाजूंचे चार प्लास्टिकचे टब आण. प्रत्येकाचा व्यास ४० सेंटिमीटर असेल तर पृष्ठभाग १२५६ चौरस सेंमी येतो, आणि पाणी १ मिमी उतरलं म्हणजे सुमारे १२६ मिलिलिटर गेलं. प्रयोगाची सगळी गंमत या एका आकड्यात आहे. पट्टी लावून १ मिमी नीट वाचता येत नाही, पण १२६ मिली मोजपात्राने सहज मोजता येतात. म्हणून पातळी मोजत बसायचंच नाही, कमी झालेलं पाणी परत ओतायचं आणि किती ओतलं ते लिहायचं.

त्यासाठी प्रत्येक टबात एक खूण लागते. जाड तार छत्रीच्या मुठीसारखी वाकव, टोक घासून अणकुचीदार कर आणि ते टोक वर येईल अशी टबाच्या कडेला घट्ट बांध. मोजपात्राने हळूहळू पाणी ओतत जा. टोक पाण्याखाली जायच्या बेतात असतं तेव्हा त्याच्याभोवती पाण्याच्या पापुद्र्याला बारीकसा फुगवटा दिसतो. तिरप्या उजेडात बघितलंस तर तो चांगला कळतो. तिथे थांबायचं. हवामान खात्याच्या बाष्पीभवन पात्रातही अशीच एक स्थिर खूण असते, आणि पाणी त्या खुणेपर्यंत आणून नोंद करतात. त्यांची वेळ सकाळी साडेआठची असते, तूही तीच ठेव.

चार टब असे. पहिला उघडा. दुसऱ्यावर टबाच्या वर वीतभर अंतरावर शेडनेट. तिसऱ्यात तरंगणाऱ्या छोट्या प्लास्टिकच्या बाटल्या. चौथ्यावर गच्च झाकण. चौथा कशाला, असं तुझे मित्र म्हणतील. त्याच्यातलं पाणी कमी झालं तर टब गळतोय हे कळतं, आणि तसं असेल तर बाकीच्या आकड्यांवर विश्वास ठेवायचा नाही. चारही टब मातीत गळ्यापर्यंत पुरून ठेव, नाहीतर बाजू तापून पाणी जास्त उडतं. पक्षी आणि कुत्री पाणी पितात म्हणून वर जाळी हवी, पण ती चारही टबांवर सारखीच. जाळी वारा अडवते, एकाच टबावर लावलीस तर तुलना बिघडली.

बाटल्या रिकाम्या टाकू नकोस. वाऱ्याने त्या एका कडेला गोळा होतात, शिवाय गरगर फिरतात आणि ओली बाजू वर आणतात, मग तिच्यावरून बाष्पीभवन चालूच राहतं. पाव भाग पाणी भरून टोपण घट्ट लाव, म्हणजे त्या जागेवर बसतात. थर्मोकोल नको, उन्हाने त्याचा भुगा होतो आणि तो ठिबकच्या फिल्टरमध्ये अडकतो. पृष्ठभाग किती झाकला हे डोळ्यांनी ठरवू नकोस. वरून मोबाइलवर सरळ फोटो काढ, त्यावर चौकोनांची जाळी आख आणि बाटल्यांनी भरलेले चौकोन मोज.

समजा एका दिवशी उघड्या टबात ५६५ मिली ओतावं लागलं आणि बाटल्यांच्या टबात १९० मिली. पहिल्यात साडेचार मिमी गेलं, दुसऱ्यात दीड. म्हणजे दोन तृतीयांश बचत. तरंगत्या झाकणाची बचत साधारणपणे जितका भाग झाकला त्याच्या आसपास येते. शेडनेटचं तसं नाही. ७५ टक्क्यांची नेट लावली म्हणून ७५ टक्के पाणी वाचत नाही, कारण नेट ऊन अडवते, पण कोरडा वारा खालून जातच राहतो. पाणी उडवण्यात उन्हाबरोबर वाऱ्याचाही हात असतो, हे या दोन टबांची तुलना करून तुला दाखवता येईल. दहा-पंधरा दिवसांच्या नोंदी पुरेत. पाऊस पडला तो दिवस खोडून टाक.

इथे एक सापळा आहे आणि चांगला परीक्षक तुला त्यात पकडणार. तुझ्या टबात साडेचार मिमी गेलं म्हणून तळ्यातही तेवढंच जातं असं म्हणायचं नाही. छोट्या भांड्यावरून येणारी हवा आजूबाजूच्या कोरड्या जमिनीवरची असते. मोठ्या तळ्यावरची हवा पाण्यावरून सरकताना दमट होत जाते, म्हणून तिथे पाणी कमी उडतं. हवामान खात्याच्या मोठ्या पात्राचा आकडासुद्धा तलावासाठी वापरताना साधारण ०.७ ने गुणतात. तुझा टब त्याहून लहान आहे. त्यात तू मोजणार हिवाळ्यात आणि बोलणार उन्हाळ्याबद्दल. तेव्हा टबांमधून फक्त प्रमाण घे: झाकलेल्यात उघड्याच्या किती टक्के गेलं. मिलिमीटरचा आकडा तळ्यासाठी वेगळा धर, आणि तो धरलेला आहे असं तक्त्यावर स्पष्ट लिही.

दुसरी गोष्ट, पाणी खरंच उडतंय की तळ्यात अंथरलेला प्लास्टिकचा कागद फाटलाय? उंदीर, खेकडे, जनावरांचे खूर यांनी कागदाला भोकं पडतात आणि दोष उन्हावर जातो. याची परीक्षा बादलीने होते. बादलीत तळाशी दगड घाल, ती काठाला दोराने बांधून तळ्यात अर्धी बुडेल अशी टांग, आतलं पाणी बाहेरच्या पातळीला आण आणि आत-बाहेर खूण कर. दोन दिवसांनी बघ. ऊन आणि वारा दोन्हीकडे जवळपास सारखेच, म्हणून दोन्ही पातळ्या सारख्या उतरल्या तर कागद शाबूत. तळं बादलीपेक्षा जास्त उतरलं तर तो फरक गळतीचा. या दोन दिवसांत तळ्यातून मोटर चालवायची नाही आणि तळ्यात पाणी सोडायचंही नाही. आणि हे एकटीने किंवा एकट्याने करायचं नाही. ओल्या कागदावर पाय घसरला की वर येता येत नाही, म्हणून बाबा आणि दोर दोन्ही बरोबर हवेत.

माझं खरं मत विचारशील तर झाकणापेक्षा स्वस्त उपाय वेगळाच आहे, आणि प्रदर्शनात तो मी अजून पाहिलेला नाही. शेजारी-शेजारी दोन तळी असतील, भावाभावांची असतात तशी, आणि दोन्ही अर्धी रिकामी झाली असतील, तर सगळं पाणी एकात घ्यायचं. दोन्हींत १.६ मीटर पाणी असेल तर प्रत्येकी साधारण साडेदहा लाख लिटर होतात. दोन्ही मिळून २१ लाख, म्हणजे एका तळ्यात मावतात. पृष्ठभाग प्रत्येकी ७४० चौरस मीटर, दोघांचा १४८०. एकत्र केल्यावर उरतो ९००. म्हणजे ५८० चौरस मीटर पाणी उन्हापासून सुटलं, आणि ७ मिमीने दिवसाला ४००० लिटर वाचले. फक्त ज्या तळ्यात पाणी घ्यायचं त्याची बादलीची परीक्षा आधी झालेली हवी, नाहीतर वाचलेलं पाणी गळतीत जाईल.

हे टेबलावर दाखवायला सारखी तीन घमेली घे, त्यांच्या बाजू तळ्यासारख्याच उताराच्या असतात. दोन अर्धी भरून ठेव, आणि त्या दोन्हींत मिळून आहे तेवढंच पाणी शेजारी तिसऱ्या घमेल्यात. परीक्षकांसमोर पट्टीने पाण्याचे व्यास मोजून क्षेत्रफळ काढ. बाष्पीभवन दोन तासांत दिसणार नाही, पण क्षेत्रफळाचा फरक तिथल्या तिथे दिसतो. मागे टबांच्या नोंदींचा आलेख लाव.

"तळं झाकायचा खर्च किती?" हा प्रश्न नक्की येईल. ९०० चौरस मीटर शेडनेटचा भाव गावातल्या दुकानात विचारून ठेव, आणि ३० मीटर ओढलेल्या तारा मधे झोळ खातात, त्यासाठी खांब आणि वायररोप लागतात, तेही त्यात धर. पाणी एकत्र करायचा खर्च काढायला २०० लिटरचं बॅरल मोटरखाली ठेवून घड्याळ लाव. समजा ते २५ सेकंदांत भरलं, तर तासाला २८,८०० लिटर झाले. साडेदहा लाख लिटर ओढायला साधारण ३६ तास लागतील. दिवसाला आठ तास वीज मिळत असेल तर पाचव्या दिवशी काम होतं.