सावळ्या रंगासाठी काळी पेन्सिल बाजूला ठेव

रंगीत पेन्सिलींनी काढलेल्या आजीच्या चित्रात तू सावलीत काळी पेन्सिल घातलीस, म्हणून तिचा चेहरा काजळी धरल्यासारखा दिसतोय. आधी पूर्ण चेहऱ्यावर यलो ऑकर या मातकट पिवळ्या रंगाचा अगदी हलका थर दे. कपाळ आणि नाकाच्या शेंड्यावरची चमक कोरीच सोड. त्यावर बर्न्ट सिएना हा तांबूस तपकिरी रंग, गालांवर आणि कानांच्या पाळ्यांवर थोडा लालसर तपकिरी. हनुवटीखालच्या सावलीला आधी इंडिगो हा गडद निळा, मग त्यावर गडद तपकिरी. निळ्यामुळे सावली खोल होते, पण मेलेली वाटत नाही. पेन्सिल टोकदार ठेव, हात हलका. जोर दिलास की कागदाचा खरखरीतपणा दबतो, मेणाची चकाकी येते आणि पुढचा रंग नुसता घसरतो. तसं झालं तर खोडू नकोस, मळता येणाऱ्या मऊ पुटी रबराने टिपून घे.