सीजीपीए ७.४ चा ४ पैकी जीपीए किती धरायचा?

प्रश्न: नाशिकमधून बीई केलंय, सीजीपीए १० पैकी ७.४ आहे. १० ने भागून ४ ने गुणलं तर २.९६ येतो आणि अमेरिकेतल्या युनिव्हर्सिटीला मिनिमम ३.० लागतो. मग अप्लाय करू नको का?

उत्तर:

अप्लाय करा. २.९६ हा आकडा तुम्हाला कुणी मागितलेलाच नाहीये. आधी फॉर्म नीट बघा, बहुतेक ठिकाणी जीपीएच्या चौकटीला लागूनच स्केल विचारलेला असतो, तिथे ७.४ आणि स्केल १० असं सरळ भरायचं. बऱ्याच युनिव्हर्सिट्या तर इन्स्ट्रक्शनमध्ये लिहूनच टाकतात की मार्क स्वतः कन्व्हर्ट करू नका, मूळ स्केलमध्येच द्या, पण ते बारीक अक्षरात असतं आणि आपण कॉलेज रोडवरच्या कन्सल्टंटकडे बसलो की तो कॅल्क्युलेटर काढून ०.४ ने गुणून मोकळा होतो.

तो गुणाकार का चालत नाही ते सांगतो. आपल्याकडे पास साधारण ४० ला आणि ६० ला फर्स्ट क्लास. सरळ गुणलं तर ६० टक्क्यांचे होतात २.४, म्हणजे तिकडच्या हिशोबात बी सुद्धा नाही, सी प्लसच्या आसपास. तिकडे शंभरपैकी ९० च्या पुढे ए देणं नेहमीचं आहे, आपल्या पेपरात ७५ पडले तरी घरात पेढे येतात. म्हणून जे लोक धंदा म्हणून हे काम करतात ते एकूण आकडा गुणत बसत नाहीत, एकेक विषय घेतात, त्याचा अमेरिकन ग्रेड लावतात, क्रेडिटने गुणतात आणि मग सरासरी काढतात.

एक सेमिस्टर करून बघू. समजा तक्ता असा आहे: ७ आणि वर म्हणजे ए, ४ पॉइंट. ६ म्हणजे बी, ३ पॉइंट. ५ आणि ४ म्हणजे सी, २ पॉइंट. (खरा तक्ता युनिव्हर्सिटीगणिक वेगळा असतो, हा फक्त पद्धत कळावी म्हणून.) आता तुमचे पाच विषय: ४ क्रेडिटचे दोन, त्यात ८ आणि ६, ३ क्रेडिटचे दोन, त्यात ७ आणि ५, आणि १ क्रेडिटचं प्रॅक्टिकल, त्यात ९. आपल्या पद्धतीने १०१ भागिले १५, म्हणजे ६.७३, आणि ०.४ ने गुणलं तर २.६९. विषयवार केलं तर १६ अधिक १२ अधिक १२ अधिक ६ अधिक ४, एकूण ५०, भागिले १५ म्हणजे ३.३३. मार्कशीट तीच, आणि एक आकडा कटऑफच्या खाली तर दुसरा आरामात वर!

याची दुसरी बाजू पण आहे हं. या तक्त्यात ७ वाला आणि ९.५ वाला दोघेही ए, त्यामुळे टॉपरला फारसा फायदा दिसत नाही, म्हणूनच ॲडमिशनवाले मूळ ट्रान्सक्रिप्ट पण बघतात. आणि मार्कशीटवर बी लिहिलंय म्हणून तो अमेरिकेतला बी असं समजू नका, यूजीसीच्या १० पॉइंटच्या पद्धतीत बी म्हणजे ६ आणि ए म्हणजे ८, अक्षरं सारखी असली तरी ती वेगळ्या शिडीवरची आहेत.

आणखी एक घोळ म्हणजे आधी टक्के काढायचे आणि मग टक्क्यांवरून जीपीए. ७.४ ला ९.५ ने गुणलं तर ७०.३ येतात, पण तो फॉर्म्युला सीबीएसईच्या दहावीचा होता, इंजिनिअरिंगशी त्याचा काय संबंध. एआयसीटीईच्या पद्धतीने ०.७५ वजा करून १० ने गुणलं तर ६६.५. नुसतं १० ने गुणलं तर ७४. टक्के मागितलेच तर तुमच्या विद्यापीठाने मार्कशीटमागे किंवा कन्व्हर्जन सर्टिफिकेटवर जे दिलंय तेच टाका, नेटवरचं नको.

फॉर्ममध्ये ४ चा स्केल सोडून दुसरा पर्यायच नसेल तर त्या युनिव्हर्सिटीच्या ग्रॅज्युएट ॲडमिशन ऑफिसला दोन ओळींची मेल टाका, स्वतः कन्व्हर्ट करू का मूळ आकडा कुठे लिहू. काही जागा डब्ल्यूईएससारख्या संस्थेचं इव्हॅल्युएशन मागतात, तेव्हा कोर्स-बाय-कोर्स वालाच रिपोर्ट घ्या, डॉक्युमेंट-बाय-डॉक्युमेंट स्वस्त पडतो पण त्यात जीपीए येत नाही आणि मग पुन्हा पैसे भरावे लागतात. पण मागितलं नसेल तर हा खर्च करूच नका, कारण बऱ्याच युनिव्हर्सिट्या स्वतःच्याच ऑफिसमध्ये इव्हॅल्युएशन करतात आणि बाहेरचा रिपोर्ट बघतही नाहीत. ट्रान्सक्रिप्ट मात्र आत्ताच मागवून ठेवा, विद्यापीठाकडून यायला वेळ लागतो, आणि सगळ्या सेमिस्टरचे क्रेडिट त्यात छापलेत ना तेवढं बघून घ्या, क्रेडिट नसले तर विषयवार हिशोब करणाऱ्याचं काम अडतं.