फ्रेंच मैत्रिणीचे वाढदिवसाचे कार्ड

प्रिय ताई,
माझी एक फ्रेंच मैत्रीण दोन वर्षे पुण्यात आमच्या शेजारच्या सदनिकेत राहत होती आणि आता ती लिऑंला परत गेली आहे. पुढच्या महिन्यात तिला चाळीस वर्षे पूर्ण होतील. मी थोडेफार फ्रेंच शिकले आहे. गेल्या वर्षी शब्दकोश घेऊन मी तिला कार्ड लिहिले. त्यात सुरुवातीला आदराने "वू" वापरले आणि शेवटी "झ तेम", म्हणजे "माझे तुझ्यावर प्रेम आहे", असे लिहिले. तिच्या नवऱ्याने फोनवर इतकी थट्टा केली की मला लाज वाटली. या वेळी जिव्हाळा पोहोचावा, पण चूक होऊ नये, यासाठी काय लिहू?
— एक वाचक, पुणे

प्रिय वाचक,

तुमच्या मैत्रिणीच्या नवऱ्याला हसू आले असेल ते तुमच्या भाषेला नव्हे, तर दोन टोकांच्या भेटीला. ज्या व्यक्तीला आपण "अहो" म्हणतो तिलाच त्या पत्रात शेवटी प्रेमाची कबुली द्यावी, असा तो प्रकार झाला. फ्रेंचमधला "त्यु" आपल्या "तू"च्या अगदी जवळचा आहे, आणि "वू"मध्ये आपले "तुम्ही" आणि "आपण" दोन्ही सामावतात. ज्या मैत्रिणीबरोबर तुम्ही दोन वर्षे संध्याकाळचा चहा घेतला, तिला "वू" म्हणणे म्हणजे आदर नव्हे, तर अंतर. शंका वाटलीच तर तिचे जुने संदेश काढून पाहा. ती तुम्हाला "त्यु" म्हणत असेल, तर तुम्हीही तेच म्हणावे. मात्र एकदा "त्यु" धरले की सर्वनामे आणि "तुझा, तुझी, तुझे" या अर्थाचे शब्दही शेवटपर्यंत तिकडचेच राहिले पाहिजेत, कारण मध्येच "वू" डोकावले की ओळ चटकन परकी वाटू लागते.

"झ तेम" हे शब्द जिवलग मैत्रिणी एकमेकींना म्हणतातही, पण तोंडी, आणि नात्याचा अंदाज पक्का असल्यावर. लिखित कार्डात त्यांचा पहिला अर्थ प्रियकर-प्रेयसीचाच वाचला जातो. गंमत अशी की त्यापुढे "ब्यँ", म्हणजे "चांगले", जोडले, तर प्रेम वाढत नाही, उलट ते कमी होऊन "मला तू आवडतेस" इतकेच उरते. म्हणून हे दोन्ही सोडून द्या. पत्राच्या शेवटी फ्रेंच लोक "झ तांब्रास" लिहितात. त्याचा शब्दशः अर्थ "मी तुझे चुंबन घेते" असा असला, तरी त्यामागे मूळचा "बाहूंत घेणे" हा अर्थ आहे, आणि पत्रात तो आपल्या "तुझीच" किंवा "सप्रेम" याच्या जागी बसतो. बहिणीला, मावशीला, मैत्रिणीला सगळ्यांना तो चालतो. एक सावधगिरी मात्र ठेवा: शब्दकोशात "चुंबन" या अर्थाचे "बेझे" हे नाम सापडेल, ते नाम म्हणून निर्दोष आहे, पण क्रियापद म्हणून वापरले की ते थेट अश्लील होते, तेव्हा त्याच्या वाटेला जाऊच नका.

आता आठवणीची ओळ. इथे मराठी माणसाला फायदा आहे, हे सहसा कोणी सांगत नाही. "मला तुझी आठवण येते" म्हणताना फ्रेंच माणूस "त्यु म मांक" म्हणतो, म्हणजे "तू मला उणी भासतेस". कर्ता मैत्रीण, आणि उणीव जाणवते ती मला. इंग्रजीवरून विचार करणारी व्यक्ती हे उलटे करून "झ त मांक" लिहून बसते, आणि त्याचा अर्थ होतो "तुला माझी आठवण येते". मी स्वतः एकदा अगदी हीच चूक केली होती. मैत्रिणीचे उत्तर आले, "हो, खरे आहे, पण तुला ते कळले कसे?" तेव्हापासून मी आधी मराठीत "मला तू उणी भासतेस" असे म्हणून बघते आणि मगच कागदावर उतरवते.

लिंगाकडेही लक्ष द्यावे लागते, आणि तेही आपल्याला परके नाही, कारण "मी आनंदले" आणि "मी आनंदलो" यातला भेद आपण रोज पाळतोच. "तू माझी मैत्रीण आहेस याचा मला आनंद आहे" या ओळीत आनंदी असणारी व्यक्ती तुम्ही, म्हणून विशेषण स्त्रीलिंगी, "अरझ". नमुना पुरुषाच्या लिखाणावरून घेतला, तर तिथे पुल्लिंगी रूप येईल आणि सही तुमची असेल. "मैत्रीण" हा शब्द स्त्रीलिंगी असूनही "माझी मैत्रीण" म्हणताना "मा आमी" होत नाही, "मोन आमी" होते. पुढचा शब्द स्वराने सुरू होतो म्हणून उच्चाराच्या सोयीसाठी ही तडजोड केली जाते, ती चूक समजू नका. आणि "आमी"च्या आधी "लहान" या अर्थाचे विशेषण कधीही लावू नका, कारण तसे केले की ती प्रेयसी ठरते.

तुम्ही सांगितलेल्या परिस्थितीत मी कार्डावर असे लिहीन:

```
Ma chère ……,

Joyeux anniversaire pour tes quarante ans !
Que cette année t'apporte la santé, la joie
et beaucoup de fous rires.
Tu me manques, et nos thés du soir
sur le balcon aussi.
Je suis heureuse de t'avoir comme amie.

Je t'embrasse très fort,
```

पहिल्या ओळीत "माझी प्रिय" आणि नाव, दुसरीत चाळिशीच्या शुभेच्छा, मग "हे वर्ष तुला आरोग्य, आनंद आणि पोट धरून हसण्याचे खूप प्रसंग घेऊन येवो", आणि त्यानंतर तुमच्या सज्जातल्या चहाची ओळ. तो चहा मी कल्पनेने घातला आहे. त्याजागी तुमच्या दोघींचा खरा प्रसंग घाला, कारण शुभेच्छांचे बाकीचे शब्द कोणत्याही कार्डावर सापडतील. "वाढदिवस" हा शब्द पुल्लिंगी आहे, म्हणून त्यापूर्वीचे विशेषणही पुल्लिंगी आहे, आणि त्या शब्दाचे पहिले अक्षर लहानच ठेवायचे. उद्गारचिन्हाच्या आधी फ्रान्समध्ये छोटीशी जागा सोडतात, तेवढी हाताने लिहितानाही सोडा. "प्रिय" या अर्थाच्या फ्रेंच शब्दातील e अक्षरावरची तिरकी रेषा डावीकडून उजवीकडे खाली उतरते आणि "चहा"तली उलटी चढते. घाईत दोन्ही सरळ काढल्या तर वाचणाऱ्याला अर्थ कळतो, पण लिहिणारीची घाईही दिसते.

कॅनडातल्या फ्रेंचभाषक क्वेबेकमध्ये वाढदिवसाला "बोन फेत" म्हणतात, म्हणून कोणाच्या कार्डावर ते दिसले तर उचलू नका. लिऑंच्या माणसाला ते, ज्या संताचे नाव आपल्याला दिलेले असते त्याच्या दिवसाचे अभिनंदन वाटते.

"शतायुषी हो" याचे भाषांतर करायचा मोह आवरा. फ्रेंचमध्ये "दीर्घायुष्य" असे सुटे म्हटले की ते घोषणेसारखे ऐकू येते, आणि चाळिशीच्या मैत्रिणीला ते वयाची आठवण करून देते. ती दोन वर्षे पुण्यात राहिली आहे, तेव्हा फ्रेंच मजकुराखाली तुमच्या हाताने देवनागरीत "उदंड आयुष्य लाभो" असे लिहा. अर्थ ती फोन करून विचारेल, आणि या वेळी थट्टा नवऱ्याची होईल.

तुमची,
ताई