बॅकअप आहे, पण त्यातून दुकान परत उभे राहते का?

प्रश्न: महाद्वार रोडला माझे चपलांचे दुकान आहे आणि वेबसाइटवरूनही विक्री होते. साइट बनवणारा बॅकअप आणि वर्षातून दोनदा ‘रिस्टोअर चाचणी’ यांचे वेगळे पैसे मागतो. होस्टिंगवाले बॅकअप घेतातच ना, मग हे कशाला?

उत्तर: होस्टिंगवाल्यांचा बॅकअप बहुतेक वेळा त्यांच्याच खात्यात असतो. खाते बंद पडले किंवा कोणी त्यात घुसून सगळे पुसले, तर साइट आणि तिची प्रत दोन्ही एकदम जातात. म्हणून एक प्रत दुसऱ्या कंपनीच्या जागेत, वेगळ्या पासवर्डखाली हवी. एवढ्यासाठी पैसे मोजणे मला रास्त वाटते.

रिस्टोअर चाचणी म्हणजे बॅकअपच्या प्रतीतून साइट खरोखर परत उभी करून पाहणे, आणि तिचा मुद्दा अधिक महत्त्वाचा आहे. तुमच्या साइटचे दोन भाग असतात: चपलांचे फोटो आणि पानांची रचना फाइलींमध्ये, तर भाव, साठा, ग्राहक व ऑर्डरी डेटाबेसमध्ये. इथल्याच एका दुकानदाराची साइट वर्डप्रेस आणि त्याला विक्रीची सोय जोडणाऱ्या वूकॉमर्सवर होती व तिचा बॅकअप रोज रात्री होत असे. आम्ही ती प्रत एका वेगळ्या वेब-पत्त्यावर उभी केली, तेव्हा मुखपृष्ठ उघडले, फोटो दिसले, भावही बरोबर होते. ऑर्डरींची यादी मात्र रिकामी होती. स्वस्त होस्टिंगवर एखादे काम किती वेळ चालू द्यायचे याला मर्यादा असते, आणि डेटाबेस वाढल्यामुळे त्याची प्रत काढण्याचे काम दररोज अर्ध्यावर तुटत होते. प्रत काढताना डेटाबेसमधले तक्ते सहसा नावाच्या वर्णक्रमाने घेतले जातात. वस्तूंचा `wp_posts` आधी येतो आणि ऑर्डरींचा `wp_wc_orders` बराच नंतर, त्यामुळे नेमक्या ऑर्डरी गळत होत्या. रोज नवी फाइल तयार होत असल्याने कोणाला शंका येण्याचे कारणच नव्हते.

डेटाबेसची प्रत `mysqldump` ने काढली असेल, तर पूर्ण झालेल्या फाइलीची शेवटची ओळ साधारणतः अशी सुरू होते:

```
-- Dump completed on
```

ती ओळ तुमच्या माणसाला दाखवायला सांगा. तरीही खरी खात्री साइट उभी करून, आदल्या दिवशीची एखादी ऑर्डर मापासकट आणि पत्त्यासकट उघडून पाहिल्यावरच होते. चाचणीच्या प्रतीवरून ईमेल आणि पैसे घेण्याची सोय आधी बंद करायला हवी, नाहीतर ग्राहकांना भलतेच निरोप जातील.

एक मर्यादा आधीच समजून घ्या: बॅकअप रात्री होत असेल आणि साइट संध्याकाळी पडली, तर त्या दिवसभरातल्या ऑर्डरी प्रतीत नसतील. पैसे जमा झाल्याची नोंद पेमेंट गेटवेकडे मिळेल. पण कोणत्या मापाची चप्पल हवी होती, हे ऑर्डरीच्या ईमेलमधूनच शोधावे लागेल, म्हणून ते ईमेल साइटच्या होस्टिंगबाहेरच्या खात्यावर येऊ द्या. दिवाळीच्या गर्दीत डेटाबेसची प्रत दर तासाला घ्यायला सांगा. फोटोंची प्रत रोज एकदा पुरेशी आहे. प्रत्येक चाचणीनंतर शेवटची सापडलेली ऑर्डर कोणती आणि साइट उभी राहायला किती तास लागले, हे त्याच्याकडून लेखी घ्या.