कॅट-५ई केबलवर १ जीबीपीएस मिळेल का? भिंत फोडायच्या आधी हे बघा

प्रश्न: आमच्या २ बीएचके फ्लॅटमध्ये बिल्डरने भिंतीतून कॅट-५ई केबल टाकून दिलीये. आता १ जीबीपीएसचा फायबर प्लॅन घेतला, पण बेडरूममध्ये लॅपटॉपला केबल लावूनही स्पीड ९४-९५च्या वर जात नाही. वायरमन म्हणतो जुनी केबल काढून कॅट-६ टाका, दुकानदार म्हणतो घेतच आहात तर कॅट-८ घ्या. खरंच बदलावी लागेल का?

उत्तर:

बहुतेक नाही. तुम्ही दिलेला ९४-९५ हा आकडाच अर्धं निदान करतोय.

१०० एमबीपीएसवर जुळलेल्या लिंकमधून स्पीड टेस्टला साधारण ९४-९५ मिळतात, कारण थोडा हिस्सा पॅकेटच्या हेडर वगैरेत जातो. गिगाबिटवर जुळलेली लिंक त्याच हिशोबाने ९४०च्या आसपास दाखवते. केबलचा दर्जा कमी पडत असता तर स्पीड खालीवर झाला असता, कधी ६००, कधी २००, मधेच लिंक तुटणं. तुमच्याकडे तो ९५ला ठाम उभा आहे, म्हणजे दोन्ही टोकांची यंत्रं १०० वर तडजोड करून बसली आहेत. आधी याची खात्री करून घ्या. विंडोजमध्ये पॉवरशेल उघडून हे टाका:

```
Get-NetAdapter | Select Name, LinkSpeed
```

लिनक्स असेल तर `ethtool eth0` (पोर्टचं नाव वेगळं असेल तर ते टाका) आणि `Speed:` ची ओळ बघा. तिथे 100 Mbps किंवा 100Mb/s दिसलं, तर इंटरनेट कंपनी, प्लॅन, वेबसाइट यातलं काहीही तपासण्यात वेळ घालवू नका. गडबड तुमच्या घरातच आहे.

आता केबलच्या श्रेणीचं. तांब्याच्या केबलवर गिगाबिट चालवायचं मानक १९९९ साली आलं, आणि ते कॅट-५ केबल डोळ्यासमोर ठेवूनच बनवलं होतं, कारण तेव्हा ऑफिसांच्या भिंतींत तीच होती. कॅट-५ई म्हणजे तीच केबल, फक्त एका जोडीतला सिग्नल दुसरीत किती झिरपतो आणि किती परत उलटा येतो याच्या चाचण्या जास्त कडक केलेल्या. ती १०० मेगाहर्ट्झपर्यंत तपासलेली असते आणि १०० मीटरपर्यंत गिगाबिट वाहून न्यायला पुरते. त्या १०० मीटरमध्ये भिंतीतली ९० आणि दोन्ही टोकांच्या पॅच कॉर्ड मिळून १० धरलेले आहेत. २ बीएचकेमध्ये हॉल ते बेडरूम सगळे वळसे धरूनही २०-२५ मीटरच्या वर जात नाही. कॅट-६ची चाचणी २५० मेगाहर्ट्झपर्यंत होते, पण गिगाबिटला ती जादा जागा लागतच नाही. त्यामुळे कॅट-६ टाकून गिगाबिट लिंक जास्त पळत नाही. डेटा एक तर नीट पोचतो किंवा पोचत नाही, आणि २५ मीटरवर चांगल्या कॅट-५ईमधून तो नीट पोचतो.

मग १०० वर का अडकलंय? गिगाबिट चारही जोड्या, म्हणजे आठही तारा वापरतं. प्रत्येक जोडीवरून एकाच वेळी दोन्ही दिशांना २५० एमबीपीएस जातात, चार जोड्यांचे मिळून १०००. शंभरच्या लिंकला दोनच जोड्या पुरतात, पिन १-२ आणि ३-६. गंमत अशी की दोन यंत्रं "तुला किती जमतं" ही बोलणीही याच दोन जोड्यांच्या तारांवर करतात. त्यामुळे दोघांचंही गिगाबिटवर एकमत होतं, प्रत्यक्ष लिंक उभी करायला गेल्यावर उरलेल्या दोन जोड्या सापडत नाहीत, आणि बरीचशी यंत्रं मुकाट्याने १०० वर उतरतात. स्क्रीनवर कुठेही एरर येत नाही.

आपल्याकडच्या जुन्या इमारतींत हे इतकं सर्रास दिसतं की मी फेसप्लेट उघडायच्या आधीच अंदाज बांधतो. कोथरूडच्या एका फ्लॅटमध्ये अगदी तुमच्यासारखीच तक्रार होती. बेडरूममधली प्लेट उघडली तर आत नारिंगी आणि हिरवी जोडी नेटवर्कच्या जॅकला, निळी जोडी बाजूच्या लँडलाइनच्या सॉकेटला, आणि तपकिरी जोडी आवरणावर मागे गुंडाळून टेप मारलेली. एका केबलमध्ये नेट आणि फोन दोन्ही उरकायची ही जुनी युक्ती. ब्रॉडबँड ८-१६ एमबीपीएस होतं तोवर कोणाचंच काही अडलं नाही. लँडलाइन कधीच बंद झाली होती, म्हणून निळी जोडी सोडवून घेतली, बॉक्समधली जादा केबल बाहेर ओढली, टोक ताजं कापलं आणि दोन्ही बाजूंना नवे कीस्टोन जॅक बसवून आठही तारा पंच केल्या. हॉलमध्ये टीव्ही युनिटमागे राउटरला जाणाऱ्या टोकाला चारच तारा क्रिंप केलेल्या होत्या, तेही बदललं. लिंक लगेच १ जीबीपीएसवर आली. भिंतीतली केबल तीच राहिली.

तुम्हीही हेच करा. दोन्ही टोकांच्या प्लेट उघडा, आठ तारा मोजा. जॅकवर ए आणि बी असे दोन रंगक्रम छापलेले असतात, त्यातला बी दोन्ही टोकांना ठेवा. प्लगला क्रिंप करणार असाल तर बीचा क्रम असा: सफेद-नारिंगी, नारिंगी, सफेद-हिरवा, निळा, सफेद-निळा, हिरवा, सफेद-तपकिरी, तपकिरी. जोड्यांचा पीळ जॅकच्या अगदी जवळपर्यंत ठेवायचा, अर्ध्या इंचाहून जास्त उलगडायचा नाही. कॅट-५ईची सगळी करामत त्या पिळातच आहे. दोन-तीन इंच सोललेल्या, सरळ केलेल्या तारा दिसल्या तर ते टोक कापून पुन्हा करा.

वायरमनकडचा दिव्यांचा टेस्टर यात एका ठिकाणी हमखास फसवतो. काही जण रंग ओळीने लावतात: सफेद-नारिंगी, नारिंगी, सफेद-हिरवा, हिरवा, सफेद-निळा, निळा, वगैरे. दोन्ही टोकांना तोच क्रम असला की टेस्टरवर एक ते आठ सगळे दिवे क्रमाने लागतात आणि "ओके" म्हणून मोकळे होतात. पण पिन ३ आणि ६ची जोडी असायला हवी, ती इथे सफेद-हिरवा आणि निळा अशी दोन वेगवेगळ्या जोड्यांतून उचललेली असते. पिळाचा फायदा गेला, एका सिग्नलचा आवाज दुसऱ्यात शिरतो. शंभरवर छोट्या अंतरात ते कसंबसं चालतं, गिगाबिटवर लिंक धरत नाही किंवा एररनी भरून जाते. त्यामुळे दिव्यांवर विसंबू नका, प्लगच्या पारदर्शक बाजूने रंग डोळ्यांनी वाचा.

हे सगळं बरोबर असूनही जमलं नाही, तर केबल खरंच तांब्याची आहे का ते तपासा. बाजारात अॅल्युमिनियमवर तांब्याचा मुलामा दिलेली स्वस्त केबल भरपूर विकली जाते, आवरणावर मात्र बिनधास्त कॅट-५ई किंवा कॅट-६ छापलेलं असतं. ब्लेडने तार खरवडा, आत चंदेरी रंग दिसला की समजलं. त्याहून पक्की परीक्षा मल्टिमीटरची. दोन्ही टोकं यंत्रांपासून सोडवा, एका टोकाला एका जोडीच्या दोन तारा एकमेकींना पिळून जोडा आणि दुसऱ्या टोकाला त्या दोन तारांमधला रोध मोजा. मीटरच्या पिना एकमेकींना टेकवून येणारा आकडा वजा करा. शुद्ध तांब्याच्या नेहमीच्या जाडीच्या केबलला दर १० मीटरला साधारण पावणेदोन ओहम येतात. म्हणजे १५ मीटरच्या तुकड्याला अडीच-पावणेतीन. त्याच तुकड्याला चार किंवा जास्त आले तर एक तर मुलाम्याची तार आहे किंवा कुठला तरी जोड सैल आहे. चारही जोड्या मोजल्या तर हे वेगळं करता येतं: सगळ्याच जास्त असतील तर तार खोटी, एकच जास्त असेल तर ते टोक पुन्हा करा.

खोटी निघाली म्हणून लगेच घाबरायचं कारण नाही, १५ मीटरवर तीही पुष्कळदा गिगाबिट ओढते. पण ती वाकवली की आत मोडते, जॅकमध्ये काही वर्षांत पकड सोडते, आणि तिच्यावरून कॅमेऱ्याला वीज पाठवायची असेल तर ती तापते. भिंतीतली अशी केबल मी संधी मिळाली की काढतो, आणि इथे तुमचा वायरमन बरोबर ठरेल.

आणखी एका परिस्थितीत मी कॅट-६ टाकायला सांगेन: घराचं रिनोव्हेशन निघालेलं आहे आणि भिंती तशाही फोडल्या जाणार आहेत. तेव्हा केबलपेक्षा मजुरीचाच खर्च जास्त, मग कॅट-६ टाकून मोकळं व्हावं. पुढे कधी १० गिगाबिटची हौस आली तर घरातल्या अंतरात ती चालून जाते, पूर्ण १०० मीटरला मात्र त्यासाठी कॅट-६ए लागते. फक्त पाइप बघून घ्या. कॅट-६ जाड आणि ताठ असते, बऱ्याच केबलींच्या मध्ये प्लॅस्टिकची पट्टीही असते. जुन्या अरुंद पाइपमध्ये, तीन-चार कोपरे असतील तर, ती ओढताना आवरण सोलवटतं. २.५ गिगाबिटची उपकरणं घ्यायचा विचार असेल तर त्यासाठी केबल बदलायची गरज नाही. २०१६ साली आलेलं ते मानक कॅट-५ईवर १०० मीटरपर्यंत चालावं म्हणूनच केलेलं आहे.

कॅट-८ डेटा सेंटरमधल्या सर्व्हरच्या रॅकसाठी आहे, ३० मीटरपर्यंत २५ आणि ४० गिगाबिटसाठी. तुमच्या राउटरला ते पोर्टच नाही. ऑनलाइन "कॅट-७", "कॅट-८" नावाने मिळणाऱ्या चपट्या पॅच कॉर्डही घेऊ नका, साधी गोल कॅट-५ई किंवा कॅट-६ची कॉर्ड घ्या. भिंतीतली केबल उघडायच्या आधी लॅपटॉपची कॉर्ड बदलून बघितलीत ना? कॉर्डमधली एक तार तुटली तरी लक्षण हुबेहूब हेच असतं, आणि ती तपासणी पाच मिनिटांची आहे.

शेवटी पोर्टही बघा. बरेच स्वस्त राउटर आणि जुने स्विच १०० एमबीपीएसचेच असतात. "३०० एमबीपीएस" असं मोठ्या अक्षरात लिहिलेला डबा असतो, तो आकडा वायफायचा असतो आणि मागचे पोर्ट १०० चे निघतात. टीव्हीवर तर स्पीड टेस्ट करूच नका, पुष्कळशा स्मार्ट टीव्हींचा केबलचा पोर्ट आजही १०० चाच येतो. तिथे ९४ दिसले तर त्यावरून केबल चांगली की वाईट हे ठरत नाही.