दाखल्यावरचा शिक्का आणि खालचा मजकूर

निपाणीकडचा जुना शाळेचा दाखला उतरवताना नक्षी सोडून दे, ती फसवत नाही. पुन्हापुन्हा येणारी तिरकी फिकट अक्षरं म्हणजे वॉटरमार्क, तीही वगळ. घोळ होतो तो शिक्क्यानं. त्याची अक्षरं, बहुधा कानडी, गोलाईनं फिरतात आणि शाई वेगळी असते. ओळीत सरळ बसतो तोच मजकूर.

मी एकदा जन्मतारीख १८ लिहिली. इंग्रजी आकड्यातल्या ३ ला शिक्क्याची कड चिकटून त्याचा ८ झाला होता. खाली अक्षरी ‘तेरा’ होतं, म्हणून वाचलो. आधी अक्षरी तारीख वाच, मग आकडे. दोन्ही झाकलं असेल तर [अस्पष्ट] लिही, अंदाज नको. ‘मुख्याध्यापक’ हा छापील शब्द मात्र घ्यायचा, बरं का.